अंधेरीतले दहा दिवस आणि फुटबॉलचे चार शब्द

1 जून 2018 च्या संध्याकाळी अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारत आणि चायनीज तैपेई हे दोन संघ समोरासमोर आले. भारताने सामना 5-0 असा जिंकला. चौदाव्या मिनिटाला सुनील छेत्रीचा पहिला गोल, चौतिसाव्या मिनिटाला दुसरा, बासष्टाव्या मिनिटाला तिसरा. उरलेले दोन गोल उदांता सिंग आणि प्रणय हलदर यांचे. एवढा मोठा विजय, पण बघायला अडीच हजारांच्या आसपास लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला आणि लोकांना हात जोडून सांगितलं, की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. त्यानंतरच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली आणि भर पावसात मुंबईकर छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना बघायला आले.

त्या गर्दीत आयुष्यात पहिल्यांदाच फुटबॉल बघणारे कितीतरी जण असणार. चेंडू जाळ्यात गेला की गोल, हे सगळ्यांनाच कळतं. पण कॉमेंट्री सुरू झाली की हॅट्ट्रिक, ब्रेस, क्लीन शीट, नटमेग असे शब्द एकामागोमाग येतात, आणि बोलणारा गृहीत धरतो की ऐकणाऱ्याला ते ठाऊकच आहेत. अंधेरीची ती स्पर्धा, म्हणजे इंटरकॉन्टिनेंटल कप, 1 ते 10 जूनपर्यंत चालली. यांतले पहिले तीन शब्द समजून घ्यायला तिच्यासारखं उदाहरण नाही, कारण भारताच्या चारच सामन्यांत ते तिन्ही येऊन गेले. चौथ्या शब्दासाठी मात्र थोडं लांब जावं लागेल.

हॅट्ट्रिकपासून सुरुवात करू, कारण हा शब्द मराठी माणूस क्रिकेटमुळे आधीच ओळखतो आणि नेमका तिथेच घोळ होतो. 31 ऑक्टोबर 1987 ला नागपूरच्या मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडच्या रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांच्या दांड्या लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. ती ज्यांनी पाहिली किंवा ऐकली, त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: लागोपाठ हवं, मध्ये खंड पडला की संपलं. हा शब्द मुळात क्रिकेटचाच. 1858 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला एच. एच. स्टीफनसन या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी भेट दिली, असं सांगितलं जातं.

फुटबॉलमध्ये मात्र हे ‘लागोपाठ’ लागत नाही. एकाच खेळाडूने एकाच सामन्यात तीन गोल केले, की झाली हॅट्ट्रिक. मध्ये दुसऱ्या कुणी गोल केला तरी चालतो. छेत्रीचंच बघा. त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलच्या मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला, उदांताचा गोल झाला होता. म्हणून छेत्रीची हॅट्ट्रिक कुणी कमी धरली नाही. जर्मनीत लोक याबाबतीत कडक आहेत. तिथे खरीखुरी हॅट्ट्रिक म्हणायची तर एकाच अर्ध्यात, मध्ये दुसऱ्या कुणाचाही गोल न होता, एकाच खेळाडूचे सलग तीन गोल लागतात. पण तो त्यांचा रिवाज. आपल्याकडे दूरदर्शनसमोर बसलेल्या माणसाने साधा हिशेब धरावा: एक खेळाडू, एक सामना, तीन गोल.

गोल कसाही केलेला असो, पायाने, डोक्याने किंवा पेनल्टीवर, तो मोजला जातो. प्रतिस्पर्ध्याने आपल्याच गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात फाउल केला, की साधारण अकरा मीटरवरून, समोर फक्त गोलकीपर असताना, चेंडू मारायला मिळतो. ती पेनल्टी. पेनल्टीचे गोल सोपे असतात, ते हॅट्ट्रिकमध्ये कशाला धरायचे, असं नव्या प्रेक्षकाला वाटतं. पण धरतात, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण 18 डिसेंबर 2022 ला कतारमध्ये झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना. अर्जेंटिना 2-0 ने पुढे होती आणि सामना संपायला दहा मिनिटं उरली होती. ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सच्या किलियन एम्बापेने पेनल्टीवर गोल केला आणि पुढच्याच मिनिटाला धावत्या खेळात दुसरा. सामना जादा वेळेत गेला. तिथे मेस्सीने अर्जेंटिनाला पुन्हा पुढे नेलं आणि एकशे अठराव्या मिनिटाला एम्बापेने आणखी एका पेनल्टीवर बरोबरी केली. तीन गोलांपैकी दोन पेनल्टीचे, तरीही ती पूर्ण हॅट्ट्रिक. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याआधी हे फक्त एकाला जमलं होतं, 1966 मध्ये इंग्लंडच्या जेफ हर्स्टला.

त्याच सामन्यात पुढे आणखी एक गोष्ट घडली. 3-3 अशी बरोबरी कायम राहिली आणि निकाल शूटआउटवर गेला. शूटआउटमध्ये दोन्ही संघांचे खेळाडू पाळीपाळीने एकेक पेनल्टी मारतात. एम्बापेने तिथेही चेंडू जाळ्यात घातला. मग त्याचे गोल चार झाले का? नाही. शूटआउट हा सामन्याचा विजेता ठरवण्याचा मार्ग आहे, तो सामन्याचा खेळ नाही. त्यात घातलेले चेंडू खेळाडूच्या गोलांत मिळवत नाहीत. निकालाची पाटीसुद्धा 3-3 अशीच राहते आणि शूटआउटचे 4-2 वेगळे लिहितात. हा भेद लक्षात ठेवा, कारण क्लीन शीटच्या वेळी तो पुन्हा लागणार आहे.

तीन गोल मोजणं एवढं सोपं, तर त्यात वाद कसला? वाद असतो तो गोल कुणाच्या नावावर टाकायचा याचा. फटका मारला एकाने, वाटेत तो बचावपटूच्या पायाला लागून वळला आणि जाळ्यात गेला. अशा वेळी साधारण असं बघतात, की तो फटका मुळात गोलच्या दिशेनेच होता का. होता, तर गोल मारणाऱ्याचा. चेंडू बाहेर चालला होता आणि बचावपटूमुळेच आत गेला, तर तो बचावपटूचा स्वयंगोल. हा निर्णय कधी कधी सामना संपल्यावरही बदलतो, आणि त्याबरोबर हॅट्ट्रिक येते किंवा जाते.

या एका प्रश्नाने एका माणसाची हॅट्ट्रिक शहात्तर वर्षं अडकली होती. 1930 मध्ये उरुग्वेत पहिला विश्वचषक झाला. 17 जुलैला अमेरिकेने पॅराग्वेला 3-0 असं हरवलं. आज मान्य असलेल्या नोंदीप्रमाणे तिन्ही गोल बर्ट पेटनॉड या खेळाडूचे. पण पंधराव्या मिनिटाच्या दुसऱ्या गोलबद्दल त्या काळच्या नोंदी जुळत नव्हत्या. कुठे तो अमेरिकेच्या कर्णधाराच्या, टॉम फ्लोरीच्या, नावावर होता, तर कुठे पॅराग्वेचा स्वयंगोल म्हणून लिहिला होता. दोनच दिवसांनी, 19 जुलैला, अर्जेंटिनाच्या गिलेर्मो स्ताबिलेने मेक्सिकोविरुद्ध तीन गोल केले आणि विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक म्हणून त्याचंच नाव पुस्तकांत छापत गेलं. फिफाने पेटनॉडचा दुसरा गोल मान्य केला तो 2006 मध्ये. तोवर पेटनॉडला जाऊन तीन दशकं उलटली होती. आज तुम्ही पडद्यावर गोल झाल्याझाल्या खेळाडूचं नाव झळकताना बघता, तेव्हा त्यामागे असा एक निर्णय असतो. चेंडू कुणाला तरी लागून वळलेला दिसला, तर ते नाव बदलू शकतं.

हॅट्ट्रिकबरोबर एक प्रथाही येते. सामना संपला की तीन गोल करणारा खेळाडू ज्या चेंडूने खेळ झाला तो काखेत मारून बाहेर पडतो. बरेचदा त्यावर सहकाऱ्यांच्या सह्या असतात. शेवटची शिट्टी झाल्यावर एखादा खेळाडू चेंडू उराशी धरून पंचांशी हस्तांदोलन करताना दिसला, तर समजा, आज त्याचे तीन झाले.

आता ब्रेस. एका खेळाडूचे एका सामन्यात दोन गोल, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडात शिकारी मारलेल्या पाखरांची जोडी याच शब्दाने मोजत असत, तिथून तो मैदानात आला. ब्रेससाठी चेंडू मिळत नाही, टोपी नाही, कुठला मान नाही. तरीही फुटबॉल मनापासून बघणारी माणसं या शब्दाला वजन देतात आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून दोन-तीन गोल होणं हे नेहमीचं. अशा खेळात एकाच माणसाने दोन गोल केले, तर बहुतेक वेळा निकाल त्यानेच लावलेला असतो. उलट हॅट्ट्रिक पुष्कळदा एकतर्फी सामन्यात होते, जिथे तिसरा गोल झाला नसता तरी फरक पडला नसता.

छेत्रीच्या त्या दहा दिवसांत हे अगदी स्पष्ट दिसतं. तैपेईविरुद्ध भारत पाच गोलांनी जिंकला. छेत्रीचा तिसरा गोल काढून टाकला तरी विजय चार गोलांचाच राहिला असता. 4 जूनचा केनियाविरुद्धचा सामना वेगळा होता. पावसाने मैदानात पाणी साचलं होतं, चेंडू घसरायच्या ऐवजी जागच्या जागी अडत होता, आणि मध्यंतरापर्यंत एकही गोल नव्हता. अडुसष्टाव्या मिनिटाला छेत्रीने पेनल्टीवर गोल केला आणि कोंडी फुटली. तीन मिनिटांत जेजेने दुसरा घातला आणि नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर छेत्रीने आपला दुसरा, संघाचा तिसरा. निकाल 3-0, छेत्रीचा ब्रेस.

इथे मिनिटांबद्दल एक सांगायला हवं. फुटबॉलचं घड्याळ मध्ये थांबत नाही. कुणाला लागलं, खेळाडू बदलले, वाद झाला, की तो वाया गेलेला वेळ पंच शेवटी वाढवून देतात. त्यामुळे नव्वद मिनिटं झाल्यावरही खेळ चालू असतो आणि त्या वाढीव मिनिटांतले गोल इतर गोलांसारखेच मोजले जातात. छेत्रीचा तो दुसरा गोल तसाच होता. घड्याळात नव्वद झाले म्हणून नवा प्रेक्षक उठून चहा ठेवायला जातो आणि नेमका गोल चुकवतो.

10 जूनला अंतिम सामना, समोर पुन्हा केनिया. भारत 2-0 ने जिंकला आणि दोन्ही गोल छेत्रीचे, आठव्या आणि एकोणतिसाव्या मिनिटाला. यातला दुसरा जवळून बघण्यासारखा आहे. मागच्या फळीतून अनस एदाथोडिकाने लांबलचक चेंडू उंच पुढे टाकला. छेत्री बचावपटूबरोबर पळत होता आणि चेंडू त्याच्या खांद्यावरून मागून येत होता. त्याने तो छातीवर घेतला. छाती जरा आत ओढून, म्हणजे चेंडू उसळून लांब जाणार नाही, तर पुढच्या पावलासमोर पडेल. मग डाव्या पायाने तो गोलकीपरला चुकवून आत सरकवला. अनसने दिलेल्या चेंडूला असिस्ट म्हणतात: गोलच्या अगदी आधीचा पास. पडद्यावर गोल करणाऱ्याच्या नावाखाली हे दुसरं नाव येतं आणि नवा प्रेक्षक ते सोडून देतो. सोडू नये. या गोलातलं निम्मं काम अनसच्या त्या एका पासने झालं होतं. या ब्रेसने छेत्रीचे आंतरराष्ट्रीय गोल 64 झाले. मेस्सीचेही त्या दिवशी तेवढेच होते.

भारताने त्या स्पर्धेत चार सामने खेळले. तैपेईविरुद्ध 5-0, केनियाविरुद्ध 3-0 आणि 2-0. या तिन्ही निकालांत उजवीकडचं शून्य बघा. ते शून्य म्हणजे क्लीन शीट. आपल्या संघाने सामनाभर एकही गोल खाल्ला नाही, की त्या संघाची आणि त्याच्या गोलकीपरची क्लीन शीट झाली. सामना 0-0 सुटला तर दोघांचीही होते. म्हणजे ज्याला नवा प्रेक्षक ‘काहीच झालं नाही’ म्हणतो, त्या सामन्यात दोन गोलकीपर खुशीत घरी जातात.

चौथा सामना 7 जूनला न्यूझीलंडविरुद्ध होता आणि भारत तो 1-2 असा हरला. छेत्रीने भारताला पुढे नेलं होतं. पण दोनच मिनिटांत भारताच्या गोलकीपरने दूर मारायला घेतलेला चेंडू समोर धावून आलेल्या न्यूझीलंडच्या खेळाडूला लागला आणि उलटा फिरून जाळ्यात गेला. क्लीन शीट किती नाजूक असते ते यातून दिसतं. पुढच्या फळीतल्या खेळाडूने पाच संधी घालवून सहावीवर गोल केला, तर त्याचं नाव होतं. गोलकीपरचं उलट असतं. एकोणनव्वद मिनिटं सगळं अडवलं आणि एकदा पाय चुकला, तरी नोंदीत क्लीन शीट नाही. अर्धी क्लीन शीट असा प्रकारच नसतो.

म्हणूनच 3-0 ने पुढे असलेला संघसुद्धा शेवटच्या मिनिटांत जीव तोडून बचाव करताना दिसतो. निकाल लागलेला असतो, तरी बचावपटू फटक्यासमोर अंग टाकतात आणि चेंडू अडला की एकमेकांच्या पाठी थोपटतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कळत नाही. ते त्या शून्यासाठी चाललेलं असतं.

क्लीन शीट नावावर लागते गोलकीपरच्या, पण ती कमावतो सगळा संघ. एकतर्फी सामन्यात गोलकीपरला जेमतेम दोन-तीनदा चेंडू हाताळावा लागतो, तरी त्याच्या खात्यात क्लीन शीट जमा होते. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आठ अवघड फटके अडवतो आणि नववा आत जातो. खेळ कितीतरी चांगला, पण क्लीन शीट नाही. त्यामुळे कोणता गोलकीपर चांगला, हे नुसत्या क्लीन शीट मोजून ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं. 2004-05 च्या हंगामात पेत्र चेकने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 24 क्लीन शीट ठेवल्या आणि चेल्सीने 38 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले. चेक थोर होताच, पण त्याच्यासमोर जॉन टेरी आणि रिकार्डो कार्व्हालो उभे असत आणि त्यांच्याही पुढे क्लॉड मॅकलेले. गोलपर्यंत पोचणारे फटकेच कमी असायचे.

क्लीन शीट नेमकी कशाने मोडते आणि कशाने नाही, हे कतारच्या विश्वचषकात मोरोक्कोने जणू पायरीपायरीने दाखवलं. पहिला सामना क्रोएशियाशी, 0-0. गोलकीपर यासिन बुनू, ज्याला सगळे बोनो म्हणतात, त्याची क्लीन शीट. दुसऱ्या सामन्यात बेल्जियमविरुद्ध बोनो राष्ट्रगीताला रांगेत उभा होता, पण त्याला बरं वाटेना आणि ऐन वेळी मुनीर मोहम्मदी गोलमध्ये उतरला. मोरोक्को 2-0 ने जिंकलं. संघाची ही दुसरी क्लीन शीट, पण गोलकीपरांच्या हिशेबात ती मुनीरची. तिसऱ्या सामन्यात कॅनडाला 2-1 असं हरवलं. तो एक गोल कॅनडाच्या कुणीच केला नव्हता. कॅनडाचा चेंडू अडवताना मोरोक्कोच्याच नायेफ अगेर्दच्या पायाला लागून तो आत गेला. स्वयंगोल झाला तरी क्लीन शीट मोडते, कारण चेंडू आपल्या जाळ्यात गेला, कुणी का घातलेला असेना.

पुढचा सामना स्पेनशी. जादा वेळेसह एकशे वीस मिनिटं 0-0. मग शूटआउट. स्पेनच्या साराबियाचा चेंडू खांबाला लागला, सोलेर आणि बुस्केट्स यांचे बोनोने अडवले. समजा स्पेनने त्यातले दोन आत घातले असते, तरीही बोनोची क्लीन शीट तशीच राहिली असती. एम्बापेची शूटआउटमधली पेनल्टी जशी गोलांत मोजली नाही, तसेच शूटआउटमध्ये खाल्लेले गोलही मोजत नाहीत. उपांत्यपूर्व सामन्यात पोर्तुगालला 1-0. उपांत्य सामन्यात पाचव्या मिनिटाला फ्रान्सच्या तेओ एर्नांदेझने गोल केला, तोपर्यंत त्या विश्वचषकात एकाही प्रतिस्पर्धी खेळाडूला मोरोक्कोवर गोल करता आला नव्हता. संघाच्या क्लीन शीट चार, बोनोच्या तीन.

हे तिन्ही शब्द हिशेबाचे आहेत. सामना न बघता, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला निकाल वाचूनही ते कळतात. नटमेगचं तसं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांच्या मधून चेंडू काढून पलीकडे जाऊन तो घेणं म्हणजे नटमेग. निकालाच्या पाटीवर त्याला जागा नाही. पण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन तालमींचे संघ खेळत असोत की माद्रिदमध्ये मोठा सामना असो, नटमेग झाली की स्टेडियम एकदम पेटतं.

ती कशी साधते, ते बघू. फुटबॉलचा परीघ 68 ते 70 सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास साधारण 22 सेंटिमीटर. समोरच्याच्या पायांत एवढं अंतर असलं की चेंडू जाऊ शकतो. सरळ समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत तेवढं अंतर सहज असतं. म्हणून बचावपटूंना शिकवतात की चेंडूवाल्यासमोर छाती काढून उभं राहू नका. थोडं तिरपं व्हा, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. तसं उभं राहिलं की समोरून बघणाऱ्याला फट दिसतच नाही. त्यामुळे नटमेग करणाऱ्याला ती फट उघडायला लावावी लागते. तो चेंडू जरासा बाजूला दाखवतो, जणू तिकडून पळणार. बचावपटू तो हिसकावायला एक पाय पुढे टाकतो. तो पाय हवेत असतो आणि शरीराचा सगळा भार दुसऱ्यावर. भाराचा पाय उचलता येत नाही, हवेतला खाली टेकेपर्यंत मागे आणता येत नाही. त्या क्षणभरात पाय मिटणं शक्यच नसतं, आणि चेंडू तेव्हाच जातो.

काम तिथे संपत नाही. चेंडू पायांमधून गेला तरी माणसाला बचावपटूला वळसा घालूनच तिकडे पोचायचं असतं. चेंडू जोरात गेला तर मागचा दुसरा बचावपटू तो उचलतो. हळू गेला तर टाचेला लागून अडतो. हुकलेली नटमेग धोक्याची असते, कारण चेंडू गमावताना खेळाडू पुढे झुकलेला आणि पाठीमागचं मैदान मोकळं असतं. म्हणून शहाणे खेळाडू ती आपल्या गोलजवळ करत नाहीत.

जगात सर्वांत जास्त बोलली गेलेली नटमेग 24 मे 2000 ची असेल. ब्युनोस आयर्सचं ला बोम्बोनेरा स्टेडियम, दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या कोपा लिबर्तादोरेस स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना, बोका ज्युनियर्स विरुद्ध रिव्हर प्लेट. पहिल्या सामन्यात रिव्हर 2-1 ने जिंकलं होतं आणि हा परतीचा सामना होता. बोकाचा हुआन रोमान रिकेल्मे साइडलाइनजवळ चेंडूवर होता. त्याची पाठ रिव्हरच्या मारियो येपेसकडे, आणि येपेस अगदी चिकटून मागे. पुढे जायला जागा नाही, वळायला जागा नाही. अशा वेळी कुणीही चेंडू मागे आपल्या माणसाला देतो. रिकेल्मेने तळवा चेंडूवर ठेवला आणि तो मागे, न बघता, येपेसच्या पायांच्या मधून ओढला. येपेसला वाटलं तो बाहेरच्या बाजूला वळतोय, म्हणून त्याने पाऊल उचललं होतं. रिकेल्मे त्याच्या भोवतीने वळला आणि चेंडू त्याच्या पायाशी हजर. त्यातून गोल झाला नाही. बोकाने तो सामना 3-0 असा जिंकला, एक गोल रिकेल्मेचाच, पेनल्टीवर. गुडघ्याच्या दुखापतीनंतर सहा महिन्यांनी परतलेल्या मार्टिन पालेर्मोनेही शेवटी गोल केला. निकालाच्या नोंदीत हे सगळं आहे. पण अर्जेंटिनात आजही त्या रात्रीचा विषय निघाला की आधी येपेसच्या पायांमधल्या त्या चेंडूबद्दल बोलतात.

नटमेगमधून गोल झालेलाही दाखवता येतो. 15 एप्रिल 2015 ला पॅरिसमध्ये बार्सिलोनाच्या लुइस सुआरेझने पॅरिस सेंट जर्मेनवर दोन गोल केले आणि दोन्ही वेळा आधी चेंडू डेव्हिड लुईझच्या पायांतून काढला. थियागो सिल्वाला दुखापत झाली म्हणून डेव्हिड लुईझ बदली म्हणून आला होता आणि दोन्ही वेळा तो सुआरेझवर झेपावला. झेपावणं हाच घात होता. नोंदीत त्या रात्रीचं सुआरेझच्या नावापुढे लिहिलेलं आहे: ब्रेस.

प्रत्येक देशाने या खेळीला आपापलं नाव दिलं आहे. अर्जेंटिनात तिला नळी म्हणतात, फ्रान्समध्ये छोटा पूल, इटलीत बोगदा. नेदरलँड्समध्ये तिचं नाव पन्ना, आणि तिथे त्याच नावाचा एक गल्लीतला खेळ आहे. लहानशा गोल रिंगणात दोन खेळाडू समोरासमोर, दोन्हीकडे छोटे गोल. गोल मोजतात, पण कुणी दुसऱ्याच्या पायांमधून चेंडू काढून परत ताब्यात घेतला, की खेळ तिथेच संपतो आणि तो जिंकतो. मग आधी कुणी कितीही गोल केलेले असोत.

दूरदर्शनवर नटमेग पकडायची तर चेंडूकडे न बघता बचावपटूच्या पायांकडे बघावं लागतं. पुढचा खेळाडू चेंडू घेऊन एकट्या बचावपटूसमोर आला आणि दोघांच्या मध्ये दोनेक पावलांचं अंतर उरलं, की त्या पायांवर नजर ठेवा. बचावपटू तिरपा उभा राहून मागे सरकत राहिला, तर बहुधा काही होणार नाही. चेंडूवाला कंटाळून पास देईल. त्याने पाय टाकला, की तिथे बघा.